९७ अंशांनी फिरणारी सुई ३१ वर कधी थांबेल? मॉड्युलर इन्व्हर्स हाताने काढायची पद्धत

एक गोल तबकडी डोळ्यासमोर आणा. कडेने ० ते ३५९ अंश कोरलेत आणि मधोमध एक सुई आहे, ती आत्ता शून्यावर आहे. बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की सुई बरोब्बर ९७ अंश पुढे जाते. एकदा दाबलं की ९७, दोनदा दाबलं की १९४, तिसऱ्यांदा २९१, आणि चौथ्यांदा ३८८ व्हायला हवं पण तबकडी ३६० वरच संपते, म्हणून एक फेरी पूर्ण होऊन सुई २८ वर येते. आता प्रश्न एवढाच की किती वेळा बटण दाबलं की सुई ३१ वर थांबेल?

हेच गणिताच्या भाषेत लिहिलं की असं दिसतं:

९७x ≡ ३१ (mod ३६०)

तीन रेघांच्या त्या चिन्हाला घाबरायचं काही कारण नाही. त्याचा अर्थ एवढाच की ९७x ला ३६० ने भागलं तर बाकी ३१ उरते. यालाच लिनिअर कॉन्ग्रुअन्स म्हणतात. x म्हणजे आपण किती वेळा बटण दाबलं ते.

आता तुम्ही म्हणाल की एकेक करून दाबत बसू, येईल कधीतरी. येईल खरं, पण या उदाहरणात ते दोनशेच्या पुढे जाऊन येतं, आणि ३६० च्या जागी सहाशे आकडी संख्या असेल (आरएसएची प्रायव्हेट की काढताना साधारण एवढ्या मोठ्या संख्येशीच गाठ असते) तर एकेक करून बघणं कुठल्याच कॉम्प्युटरला जन्मात जमणार नाही. पुढे जी पद्धत सांगतोय ती ३६० साठी सहा भागाकारांत संपते, आणि सहाशे आकडी संख्येलाही काही हजारांतच आटपते.

भागायचं नाही, एक अंश सरकवायचं

साधं समीकरण असतं, ९७x = ३१, तर आपण दोन्हीकडे ९७ ने भागून मोकळे झालो असतो. इथे तसं चालत नाही कारण ३१/९७ वेळा बटण दाबता येत नाही, x पूर्णांकच हवा. मग भागाकाराच्या जागी काय वापरायचं? तर असा एक आकडा शोधायचा की त्याने ९७ ला गुणलं आणि ३६० ने भागलं तर बाकी १ उरेल. त्या आकड्याला ९७ चा मॉड्युलर इन्व्हर्स म्हणतात, ३६० या मॉड्युलससाठीचा.

व्याख्या म्हणून हे कोरडं वाटतं, म्हणून परत तबकडीकडे या. इन्व्हर्स म्हणजे सुई फक्त एक अंश पुढे सरकवायला किती वेळा बटण दाबावं लागतं तो आकडा, बस्स. एकदा का एक अंश सरकवायची युक्ती हातात आली की ३१ अंश सरकवायला तेच ३१ पट करायचं. ७ वर न्यायची असेल तर ७ पट, २५० वर न्यायची असेल तर २५० पट. म्हणजे खरी मेहनत एकदाच, इन्व्हर्स काढताना, पुढे नुसता गुणाकार.

भागाकार करत खाली उतरायचं

शाळेत मसावि काढायची भागाकार पद्धत शिकवतात ती आठवा. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं, मग भाजकाला बाकीने भागायचं, मग त्या बाकीला नव्या बाकीने, असं शून्य येईपर्यंत. युक्लिडची पद्धत ती हीच. आपल्या आकड्यांवर करून बघू:

```
360 = 3 × 97 + 69
 97 = 1 × 69 + 28
 69 = 2 × 28 + 13
 28 = 2 × 13 + 2
 13 = 6 × 2  + 1
  2 = 2 × 1  + 0
```

शून्याच्या आधीची बाकी १ आहे, म्हणजे मसावि १, म्हणजे ९७ आणि ३६० सहमूळ आहेत, आणि म्हणूनच इन्व्हर्स अस्तित्वात आहे. मसावि १ पेक्षा मोठा आला तर काय करायचं ते पुढे सविस्तर बघू, तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नुसता मसावि हवा असता तर इथेच थांबलो असतो. एक्सटेंडेड म्हणजे विस्तारित पद्धतीत एकच गोष्ट जास्तीची करायची, प्रत्येक बाकीबरोबर एक हिशोब ठेवायचा की सुई या बाकीच्या अंशावर आणायला बटण किती वेळा दाबावं लागेल. पुस्तकात या रकान्याला t असं काहीतरी नाव असतं, मी त्याला सरळ ‘दाब’ म्हणतो.

सुरुवातीच्या दोन ओळी फुकटात मिळतात. ३६० वर यायला, म्हणजे तबकडीवर शून्यावरच, शून्य वेळा दाबायचं. ९७ वर यायला एकदा दाबायचं. आता ६९ बघा. पहिल्या भागाकारावरून ६९ म्हणजे ३६० मधून तीन वेळा ९७ वजा. मग दाबही तसेच वजा करायचे, ० − ३ × १ = −३. उणे तीन वेळा दाबणं म्हणजे तीनदा उलटं फिरवणं, शून्यावरून ९७ अंश मागे तीनदा गेलं की २९१ मागे, आणि ३६० − २९१ = ६९, बरोबर ६९ वरच पोचलो ना! पुढे २८ म्हणजे ९७ मधून एकदा ६९ वजा, तर दाब १ − १ × (−३) = ४. आणि सुरुवातीला आपण पाहिलंच होतं की चौथ्यांदा दाबल्यावर सुई २८ वर येते. हा ताळा जुळताना बघितला की पद्धत डोक्यात पक्की बसते असा माझा अनुभव आहे, म्हणून पहिल्या दोन-तीन ओळी तरी असं तबकडीवर फिरवून बघाच.

पूर्ण तक्ता असा होतो. भागाकाराच्या रकान्यात वरच्या दोन बाक्यांचा भागाकार लिहिलाय:

| बाकी | भागाकार | दाब |
|---|---|---|
| ३६० | – | ० |
| ९७ | – | १ |
| ६९ | ३ | −३ |
| २८ | १ | ४ |
| १३ | २ | −११ |
| २ | २ | २६ |
| १ | ६ | −१६७ |
| ० | २ | ३६० |

नियम एकच आहे आणि तो बाकी आणि दाब दोन्ही रकान्यांना तसाच लागतो: दोन ओळी वरचा आकडा घ्यायचा, त्यातून भागाकार गुणिले लगेच वरचा आकडा वजा करायचा. १३ च्या ओळीत −३ − २ × ४ = −११. २ च्या ओळीत ४ − २ × (−११) = २६. १ च्या ओळीत −११ − ६ × २६ = −१६७. झालं.

बऱ्याच ठिकाणी ही पद्धत उलटी शिकवतात, म्हणजे आधी सगळे भागाकार करायचे आणि मग शेवटून सुरुवात करून १ = १३ − ६ × २, मग २ च्या जागी २८ − २ × १३ घालायचं, असं वर वर चढत जायचं. तीही बरोबरच आहे, उत्तर तेच येतं. पण तिच्यात प्रत्येक पायरीला कंस सोडवावे लागतात आणि ६ × २ दिसलं की हात आपोआप १२ लिहितो, मग कोणती संख्या बाकी होती आणि कोणती गुणक तेच कळेनासं होतं. तक्त्यात खाली उतरताना तो गोंधळच नाही, शिवाय प्रत्येक ओळ स्वतंत्र तपासता येते, म्हणून मी कायम तक्ताच करतो.

आणि हो, ही फक्त युक्लिडचीच वाट नाही. असले बाक्यांचे प्रश्न सोडवायला आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच कुट्टकाची रीत दिली होती. कुटणे म्हणजे चुरा करणे, आकडे भागून भागून बारीक करत न्यायचे, तक्त्याचा डावा रकाना ३६० वरून १ पर्यंत उतरताना बघितला की हे नाव किती चपखल आहे ते कळतं.

−१६७ चं काय करायचं

तक्ता सांगतो की १६७ वेळा उलटं दाबलं की सुई १ वर येते. उलटं बटण आपल्याकडे नाही, पण ३६० वेळा दाबलं की सुई जिथे होती तिथेच परत येते (३६० × ९७ ला ३६० ने भाग जातोच), म्हणून दाबांमध्ये ३६० मिळवले किंवा वजा केले तरी सुईला फरक पडत नाही. −१६७ + ३६० = १९३. ९७ चा इन्व्हर्स १९३.

लगेच ताळा घ्या, ९७ × १९३ = १८७२१, आणि ५२ × ३६० = १८७२०, बाकी १. हा ताळा कधीही सोडायचा नाही, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता मूळ प्रश्न. एक अंश सरकवायला १९३ दाब, तर ३१ अंशांना १९३ × ३१ = ५९८३. एवढे दाबायची गरज नाही, ३६० च्या पटी काढून टाका, १६ × ३६० = ५७६०, उरले २२३.

x = २२३

ताळा: ९७ × २२३ पटकन करायला १०० × २२३ मधून ३ × २२३ वजा करा, २२३०० − ६६९ = २१६३१. ६० × ३६० = २१६००. बाकी ३१. जमलं. आणि २२३ मध्ये ३६० च्या कितीही पटी मिळवल्या तरी उत्तर चालतं, ५८३, ९४३, वगैरे, पण ० ते ३५९ मध्ये मात्र हे एकच.

सुरुवातीला x चा गुणक मॉड्युलसपेक्षा मोठा किंवा उणे दिला असेल, म्हणजे ४५७x किंवा −२६३x असं काही, तर आधी त्याला ३६० च्या आत आणायचं. दोन्हींचं ९७च होतं. मग पुढे वरचंच सगळं.

चूक कुठे होते आणि ती पकडायची कशी

परवा भाची हेच गणित घेऊन बसली होती. तिचा इन्व्हर्स ४१ आला. ती म्हणाली, “मामा, मी भागाकार तीनदा तपासले, सगळे बरोबर आहेत, तरी ताळा जुळत नाही.” भागाकार खरंच बरोबर होते. मी म्हटलं, “भागाकार राहू दे, दाबांचा रकाना दाखव.” तिथे लिहिलं होतं ०, १, −३, ४, ५, −६, ४१.

चार आणि पाच, दोन्ही अधिक. तिथेच कळलं. या रकान्यात १ पासून पुढे चिन्हं एकाआड एक यायलाच हवीत, अधिक, उणे, अधिक, उणे, आणि चिन्ह सोडून बघितलं तर आकडे कमी कधीच होत नाहीत. एकाच चिन्हाचे दोन आकडे लागोपाठ दिसले की चूक त्याच ओळीत आहे, बाकी काही तपासायची गरजच नाही. तिने −३ − २ × ४ च्या जागी −३ + २ × ४ केलं होतं. नव्वद टक्के नाही म्हणणार मी, पण मी पाहिलेल्या बहुतेक चुका याच जागी असतात, उण्यातून आणखी वजा करताना.

दुसरी तपासणी कुठल्याही ओळीवर करता येते. दाब गुणिले ९७ करा, ३६० च्या पटी काढा, त्या ओळीची बाकी यायला हवी. तिच्या चुकलेल्या ओळीत ५ × ९७ = ४८५, त्यातून ३६० गेले की १२५, आणि ओळीतली बाकी तर १३. बरोबर ओळीत −११ × ९७ = −१०६७, त्यात १०८० मिळवले की १३. तक्ता लांब असेल तर मी मध्यावर एकदा ही तपासणी करून घेतो, म्हणजे वरचा भाग पक्का झाला आणि चूक असलीच तर ती खालीच.

तिसरी माझी सगळ्यात आवडती. बहुतेक जण बाकी १ आली की थांबतात, शून्याची ओळ लिहीतच नाहीत. ती लिहा. त्या ओळीतला दाब, चिन्ह सोडून, मॉड्युलस भागिले मसावि एवढाच यायला हवा. आपल्या तक्त्यात तो ३६० आला, मसावि १ आहे म्हणून. भाचीच्या तक्त्यात तो −६ − २ × ४१ = −८८ आला असता. एका आकड्यात अख्ख्या रकान्याचा ताळा मिळतो, गुणाकार न करता. आणि त्याला अर्थही आहे, शून्याच्या ओळीतला आकडा सांगतो की कमीत कमी किती वेळा दाबल्यावर सुई पुन्हा शून्यावर येईल.

पण ही शून्याची ओळ लिहायला लागलात की एक काळजी घ्या, इन्व्हर्स त्या ओळीतून उचलायचा नाही, तिच्या वरच्या, बाकी १ असलेल्या ओळीतून उचलायचा. घाईत शेवटची ओळ म्हणून ३६० उचलला जातो. आणि तुमच्या शिक्षकांनी ३६० च्या फेऱ्यांसाठीही एक रकाना ठेवायला सांगितला असेल, तर त्या रकान्यात बाकी १ समोर ४५ येईल, कारण ४५ × ३६० − १६७ × ९७ = १. तो ४५ आपल्या कामाचा नाही, तो उलट प्रश्नाचं उत्तर आहे, मॉड्युलस ९७ असताना ३६० चा इन्व्हर्स. मॉड्युलर इन्व्हर्ससाठी तो रकाना ठेवायची गरजच नाही, म्हणून मी वर घेतला नाही.

मसावि १ नसेल तेव्हा

आता बटण बदला. नवीन बटण सुईला ८४ अंश फिरवतं आणि सुई ३६ वर आणायची आहे.

८४x ≡ ३६ (mod ३६०)

तक्ता छोटा आहे. ३६० मध्ये ८४ चार वेळा, बाकी २४. ८४ मध्ये २४ तीन वेळा, बाकी १२. २४ मध्ये १२ दोनदा, बाकी ०.

| बाकी | भागाकार | दाब |
|---|---|---|
| ३६० | – | ० |
| ८४ | – | १ |
| २४ | ४ | −४ |
| १२ | ३ | १३ |
| ० | २ | −३० |

मसावि १२. म्हणजे ८४ ला ३६० साठी इन्व्हर्स नाही, सुई एक अंशाने सरकवताच येत नाही. का ते सरळ दिसतं: ८४ ला १२ ने भाग जातो, ३६० लाही जातो, मग कितीही दाबा, कितीही फेऱ्या होऊ देत, सुई कायम १२ च्या पटीवरच थांबणार. १२ अंश हीच या बटणाची सगळ्यात बारीक हालचाल, आणि तक्ता सांगतो की ती १३ दाबांत होते (१३ × ८४ = १०९२, आणि ३ × ३६० = १०८०, बाकी १२).

इथे बरेच जण ‘इन्व्हर्स नाही म्हणजे उत्तर नाही’ असं लिहून मोकळे होतात, आणि ते चुकीचं आहे. एक अंश सरकत नाही, पण आपल्याला एक अंश कुठे हवाय? ३६ अंश हवेत, आणि ३६ म्हणजे तीन वेळा १२. मग दाब १३ × ३ = ३९. ८४ × ३९ = ३२७६, ९ × ३६० = ३२४०, बाकी ३६. आलं की उत्तर! या जागी ४० अंशांवर आणायला सांगितलं असतं तर मात्र उत्तर खरोखरच नाही, कारण ४० ही १२ ची पट नाही, सुई ३६ वर थांबेल, ४८ वर थांबेल, मधे कधीच नाही. म्हणजे तपासणी एकच, उजवीकडच्या आकड्याला मसाविने पूर्ण भाग जातो का. जात असेल तर उत्तर आहे, नसेल तर नाही.

आता शून्याच्या ओळीतला तो ३० बघा. ३६० / १२ = ३०, म्हणजे तक्ता बरोबर आहे हे तर कळलंच, पण तोच आकडा हेही सांगतो की ३० वेळा दाबलं की सुई पुन्हा त्याच जागी येते. म्हणून ३९ मधून ३० काढले तरी चालतात, उरतात ९. आणि ९ मध्ये ३०-३० मिळवत गेलं की प्रत्येक वेळी नवीन उत्तर मिळतं: ९, ३९, ६९, ९९, असं ३३९ पर्यंत. ० ते ३५९ मध्ये एकूण १२ उत्तरं, मसावि जेवढा तेवढीच, आणि हा काही योगायोग नाही, ३६० ची लांबी ३०-३० च्या तुकड्यांत कापली तर १२ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात एक उत्तर असतं.

पुस्तकात हेच असं दिलेलं असतं की सगळ्याला १२ ने भागा, ७x ≡ ३ (mod ३०) मिळेल, मग ७ चा ३० साठी इन्व्हर्स काढा. तो १३ येतो (७ × १३ = ९१ = ३ × ३० + १), मग १३ × ३ = ३९, म्हणजे ९. बघितलंत का, हा १३ आपल्या तक्त्यात आधीच होता. भागून झाल्यावर नव्याने तक्ता मांडायची गरज नसते, मसाविच्या ओळीतला दाब हाच छोट्या समीकरणाचा इन्व्हर्स असतो, कारण सगळ्या बाक्यांना १२ ने भागलं तरी भागाकार तेच राहतात आणि दाब फक्त भागाकारांवर अवलंबून असतात.

भागताना एक चूक फार फसवी आहे, तिच्यावर थोडं थांबतो. डावीकडे आणि उजवीकडे १२ ने भागलं पण मॉड्युलस ३६० च ठेवला, म्हणजे ७x ≡ ३ (mod ३६०) असं लिहिलं. आता ७ चा ३६० साठी इन्व्हर्स १०३ आहे, गुणिले ३ म्हणजे x = ३०९. ताळा घ्या: ८४ × ३०९ = २५९५६, ७२ × ३६० = २५९२०, बाकी ३६. ताळा जुळतो! ३०९ हे उत्तर खरंच आहे, फक्त ते बारांपैकी एक आहे आणि बाकीची अकरा हरवली. म्हणजे इथे ताळा घेऊनही चूक दिसत नाही. म्हणून उत्तर जुळलं की नाही एवढंच न बघता किती उत्तरं यायला हवीत तेही मोजायचं, मसावि १२ असेल आणि तुमच्याकडे एकच उत्तर असेल तर मॉड्युलस भागायचा राहिलाय.

कोडमध्ये

तक्ता हाताने एकदा-दोनदा केला की कोड वाचून समजतो, त्यात वेगळं काहीच नाही. पायथॉनमध्ये:

```python
def takta(a, n):
    r0, r1 = n, a % n
    t0, t1 = 0, 1
    while r1 != 0:
        q = r0 // r1
        r0, r1 = r1, r0 - q * r1
        t0, t1 = t1, t0 - q * t1
    return r0, t0

def sodva(a, b, n):
    g, t = takta(a, n)
    if b % g != 0:
        return []
    m = n // g
    x = (t * (b // g)) % m
    return [x + k * m for k in range(g)]
```

`r` हा बाकीचा रकाना, `t` दाबांचा. लूप शून्याच्या ओळीपर्यंत जातो, आणि तेव्हा `r0`, `t0` मध्ये त्याच्या वरची, म्हणजे मसाविची ओळ असते, तीच परत पाठवलीय. `sodva(97, 31, 360)` केलं की `[223]` येतं, `sodva(84, 36, 360)` केलं की ९ पासून ३३९ पर्यंतची बारा उत्तरं, आणि `sodva(84, 40, 360)` ला रिकामी यादी. मसावि खूप मोठा असू शकत असेल तर सगळी यादी बनवू नका, पहिलं उत्तर आणि `m` एवढंच परत द्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

हेच सी किंवा जावामध्ये लिहिणार असाल तर दोन ठिकाणी जपा. पायथॉनमध्ये `-167 % 360` केलं की 193 मिळतं, पण सी आणि जावामध्ये तेच −१६७ राहतं, तिथे उणे आलं तर `n` मिळवावा लागतो, नाहीतर पुढे उणे इंडेक्स वगैरे भलत्याच ठिकाणी प्रोग्रॅम फुटतो आणि कारण सापडत नाही. दुसरं म्हणजे दाबांचा रकाना स्वतः कधी मॉड्युलसच्या बाहेर जात नाही त्यामुळे तिथे ओव्हरफ्लोची भीती नाही, पण शेवटचा तो गुणाकार, इन्व्हर्स गुणिले उजवीकडचा आकडा, तो मात्र मॉड्युलसच्या वर्गाएवढा होऊ शकतो. मॉड्युलस १० चा १८ वा घात वगैरे असेल तर ६४ बिटमध्ये तो मावत नाही, उत्तर गुपचूप चुकतं. तिथे सीमध्ये १२८ बिटचा टाइप घ्या, जावामध्ये तो नाही म्हणून `BigInteger` घ्या.

वेळेची चिंता करायची नाही. गॅब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ मध्ये सिद्ध केलं की भागाकारांची संख्या लहान संख्येच्या अंकांच्या पाचपटीपेक्षा जास्त होऊच शकत नाही. ९७ दोन अंकी, म्हणजे जास्तीत जास्त दहा, आपल्याला सहा लागले. सहाशे अंकी संख्येला फार तर तीन हजार.

पायथॉन ३.८ पासून इन्व्हर्स एका ओळीतही मिळतो, `pow(97, -1, 360)` लिहिलं की १९३. रोजच्या कामाला मी तेच वापरतो. फक्त `pow(84, -1, 360)` केलं तर तो एरर देतो, `ValueError: base is not invertible for the given modulus`, आणि तो एरर बघून ‘समीकरणाला उत्तर नाही’ असं कोडमध्ये लिहून टाकू नका. त्या एररचा अर्थ एवढाच की सुई एक अंशाने सरकत नाही. ३६ वर ती येते की नाही ते मसावि काढूनच ठरवायचं, आणि आपण पाहिलं तसं ती बारा वेगवेगळ्या दाबांना तिथे येते.